कापसाचं आयात शुल्क कोणी उतरवलं? एका अधिसूचनेचं प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी अर्थशास्त्र शिकवतो. एम.ए.च्या वर्गात पब्लिक चॉईस, म्हणजे राजकीय निर्णयांचं अर्थशास्त्र, हा विषय आला की परीक्षेत एक ठराविक प्रश्न येतो. एखादं सरकारी धोरण देतात आणि विचारतात, की याचं स्पष्टीकरण मध्यक मतदाराच्या सिद्धांताने होतं, लॉबिंगने होतं, की रेंट-सीकिंगने? पुस्तकातली उदाहरणं अमेरिकेच्या साखरेची आणि पोलादाची असतात. माझ्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त पोरांच्या घरी कापूस आहे. म्हणून २०२५च्या दिवाळीआधी मी त्यांना घरचंच प्रकरण दिलं. केंद्र सरकारने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उतरवलं, ते का?

जवळजवळ सगळ्यांनी एका शब्दात निकाल लावला: लॉबिंग. एकाने तर अख्खं उत्तर एका ओळीत संपवलं, ‘गिरणीवाल्यांनी पैसे चारले.’ त्याला मी दहापैकी दोन गुण दिले, आणि तेही हस्ताक्षर चांगलं होतं म्हणून. पैसे चारले की नाही हे त्यालाही माहीत नव्हतं आणि मलाही नाही. शिवाय पैसे न चारताही हेच घडू शकतं, आणि सिद्धांताचं खरं म्हणणं तेच आहे. बाकीच्यांचं उत्तर चूक नव्हतं, पण अर्धंच होतं. उरलेलं अर्धं इथे मांडतो.

आधी घटनाक्रम. २०२१च्या फेब्रुवारीत केंद्रीय अर्थसंकल्पाने कापसाच्या आयातीवर शुल्क लावलं. मूळ सीमाशुल्क, कृषी उपकर आणि त्यांवरचा अधिभार धरून ते ११ टक्के होतं. त्याआधी २००८पासून आयात जवळपास मोकळीच होती. २०२२ साली देशात रुईचे भाव चढले, तेव्हा एप्रिलपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत हे शुल्क स्थगित झालं आणि मग परत आलं. २८ मे २०२५ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलमागे ५८९ रुपयांनी वाढवून ८,११० केला गेला. ऑगस्टमध्ये मात्र, १९ तारखेपासून ३० सप्टेंबरपर्यंत, आयात शुल्क माफ झालं. २७ ऑगस्टला भारतीय मालावर अमेरिकेचं ५० टक्के शुल्क लागू झालं, आणि दुसऱ्याच दिवशी आपली माफी ३१ डिसेंबरपर्यंत वाढवल्याचं जाहीर झालं.

या क्रमातल्या दोन तारखांवर मी पोरांना बोट ठेवायला सांगतो, ३० सप्टेंबर आणि ३१ डिसेंबर. विदर्भात कोरडवाहू कापसाची सीतादही, म्हणजे पहिल्या वेचणीची पूजा, साधारण दसऱ्याच्या आगेमागे होते. ऑगस्ट-सप्टेंबरात शेतकऱ्याच्या घरी विकायला कापूस नसतोच. म्हणजे पहिली अधिसूचना अशी कापली होती, की गिरण्यांना चाळीसेक दिवस स्वस्त माल मिळावा आणि नवा कापूस बाजारात यायच्या आत दार बंद व्हावं. दुसऱ्या अधिसूचनेने हे कुंपण काढलं. पहिली आणि दुसरी वेचणी, म्हणजे उसनवारी फेडायला विकला जाणारा सगळा कापूस, आता उघड्या दारासमोर आला. माझ्या मते या प्रकरणाची किल्ली या दहा दिवसांत आहे. पण आधी हिशेब.

रुईचा व्यवहार खंडीत होतो आणि एक खंडी ३५६ किलोची. बाहेरून येणारी रुई बंदरावर खंडीला ५०,००० रुपयांना पडते असं सोयीसाठी धरू. त्यावर ११ टक्के म्हणजे ५,५०० रुपये, किलोमागे साडेपंधरा रुपयांच्या आत-बाहेर. एक क्विंटल कापूस रेच्यातून काढला की साधारण ३४ किलो रुई निघते आणि बाकीची सरकी. म्हणजे शुल्क उतरल्यामुळे देशातला भाव तेवढाच्या तेवढा खाली आला, तर कापसाच्या क्विंटलमागे ५२५ रुपयांचा फरक पडतो. ही वरची मर्यादा आहे. प्रत्यक्षात भाव एवढा कोसळत नाही, कारण आयातीची रुई गिरणीत पोचायला वेळ लागतो आणि जगाचा भावही हलत असतो. शुल्क उतरल्यावर दोन दिवसांत भारतीय कापूस महामंडळाने, म्हणजे सीसीआयने, आपल्या साठ्यातल्या रुईचा विक्रीभाव खंडीला एकूण १,१०० रुपयांनी कमी केला. ५,५००चा हा पाचवा हिस्सा झाला, म्हणजे कापसाच्या क्विंटलमागे शंभरेक रुपये. खरं उत्तर या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी आहे.

आता हाच हिशेब दोन घरांत नेऊ. एक घर पाच एकर कोरडवाहूचं, एकरी पाच क्विंटल धरले तर २५ क्विंटल कापूस. त्याचं जास्तीत जास्त नुकसान १३,००० रुपये, कमीत कमी अडीच हजार. दुसरं घर कोइम्बतूरकडची एक मध्यम सूतगिरणी, वर्षाला १७० किलोच्या २०,००० गाठी लागणारी. तिचा फायदा जास्तीत जास्त सव्वापाच कोटी, कमीत कमी एक कोटी.

आकडे फळ्यावर मांडले की वर्ग गप्प होतो. मॅन्कर ओल्सन यांनी १९६५मध्ये मांडलेली गोष्ट इथे उघडीवाघडी दिसते. देशात कापूस पिकवणारे शेतकरी सुमारे ६० लाख. प्रत्येकाचं नुकसान काही हजारांचं, आणि ते नेमकं शुल्कामुळे झालं की पावसामुळे की जगाच्या भावामुळे, हे त्याला वेगळं काढता येत नाही. दिल्लीला जाऊन निवेदन द्यायचं तर खर्च एकट्याचा आणि फायदा साठ लाखांचा. म्हणून कोणीच जात नाही, आणि न जाण्यात त्याचं शहाणपणच आहे. गिरणीसाठी मात्र एक कोटीही वर्षभर वकील, अहवाल आणि दिल्लीचं ऑफिस ठेवण्याजोगा आहे. गिरण्या मोजक्या आहेत, एकमेकांना ओळखतात, त्यांच्या संघटना जुन्या आहेत. शुल्क काढा ही मागणी त्यांनी २०२१पासून सतत, उघडपणे, पत्रं लिहून केलेली आहे. लाच नाही, गुपित नाही. संघटित छोट्या गटाचं म्हणणं मंत्रालयाच्या टेबलावर नेहमी असतं आणि विखुरलेल्या मोठ्या गटाचं नसतं, एवढंच लॉबिंग पुरतं.

मग पोरांचं उत्तर बरोबरच की! थोडं थांबा. लॉबिंगचं स्पष्टीकरण जर एवढं भक्कम असेल, तर २०२१ ते २०२५ या साडेचार वर्षांत शुल्क बहुतेक काळ टिकलं कसं? गिरण्या तेव्हाही होत्या, फायदा तेव्हाही होता. आणि पहिली माफी ३० सप्टेंबरला का अडली? जे बदललं नाही ते बदलाचं कारण म्हणून देता येत नाही. ‘लॉबी ताकदवान होती’ एवढंच लिहिणाऱ्याला मी हाच प्रश्न विचारतो, की काल ताकदवान नव्हती का.

म्हणून मध्यक मतदाराकडे वळू. डंकन ब्लॅक यांनी १९४८मध्ये मांडलेलं सूत्र साधं आहे. मतदारांना त्यांच्या आवडीच्या क्रमाने एका रेषेवर उभं केलं आणि निर्णय बहुमताने घ्यायचा ठरला, तर अगदी मधे उभ्या असलेल्या मतदाराची निवड जिंकते. अँथनी डाउन्स यांनी १९५७मध्ये ते पक्षांना लावलं. दोन्ही पक्ष मधल्या मतदाराकडे सरकतात. पण यात अटी आहेत. प्रश्न एका रेषेवर मांडता आला पाहिजे. प्रत्येकाची एकच सर्वांत आवडती जागा असली पाहिजे आणि तिच्यापासून दूर जाल तसतसं नकोसं वाटलं पाहिजे. आणि मतदाराला प्रश्न दिसला पाहिजे. कापसाचं आयात शुल्क या शेवटच्या अटीत नापास होतं. आमच्या गावच्या पारावर मी विचारलं तेव्हा ‘११ टक्के’ हा आकडा सात जणांपैकी एकालाच ठाऊक होता. तोही जिनिंगमध्ये कामाला जाणारा. हमीभाव मात्र सातही जणांना तोंडपाठ.

इथेच भेद कळतो. सरकार कापसाबाबत एक नव्हे, दोन निर्णय घेतं. हमीभाव दिसतो, मोजता येतो, सभेत सांगता येतो, त्यामुळे तो मधल्या मतदाराच्या दिशेने ओढला जातो. शुल्क अधिसूचनेच्या क्रमांकात दडलेलं असतं आणि ते तिथे ओढलं जातं जिथे अधिसूचना वाचणारे बसतात. ५८९ रुपये वाढवून दिल्याची बातमी घराघरात गेली. ५२५पर्यंतचा फरक पाडणारी दुसरी बातमी बहुतेक घरी पोचली ती भाव पडल्यावर.

मधल्या मतदाराची खूण ओळखायची कशी, याचं याहून स्वच्छ उदाहरण आमच्याकडे आहे. २०२४च्या लोकसभेत विदर्भातल्या १० जागांपैकी सत्ताधारी आघाडीला तीनच मिळाल्या. निकाल ४ जूनचा. २८ जूनच्या राज्य अर्थसंकल्पात खरीप २०२३च्या कापूस आणि सोयाबीन उत्पादकांना हेक्टरी ५,००० रुपये जाहीर झाले, मर्यादा दोन हेक्टर. विधानसभा त्याच वर्षी नोव्हेंबरात. या दोन हेक्टरच्या मर्यादेकडे बघा. मदत जर कापसाच्या नुकसानीची असती तर ती कापसाच्या क्विंटलवर किंवा सगळ्या क्षेत्रावर दिली असती. दोन हेक्टरच्या आत बहुतेक खातेदार येतात, पण सगळा कापूस येत नाही. वीस एकरवाल्याच्या घरीही मतं चार आणि चार एकरवाल्याच्या घरीही चारच. मर्यादा क्विंटलवर न लावता खात्यावर लावली की समजायचं, मोजणी मतांची चालली आहे. हे मी टोमणा म्हणून म्हणत नाही. लोकशाहीत मतं मोजली जाणं हा दोष नाही, आणि लहान खातेदाराला आधी मदत मिळावी याला न्यायाची बाजूही आहे. पण परीक्षेत हे ओळखता आलं पाहिजे.

आता पुन्हा त्या दोन तारखांकडे. पहिल्या अधिसूचनेत ३० सप्टेंबरचं कुंपण होतं, कारण मधला मतदार शुल्क वाचत नसला तरी भाव वाचतो, आणि हंगामात भाव पडला की त्याचा राग दिसतो. लॉबीला मिळालं, पण मतदाराच्या नजरेआड असलेल्या महिन्यांपुरतं. हे कुंपण २८ ऑगस्टला काढलं, कारण मधे लॉबीची ताकद नव्हे, तर तिला नकार देण्याची किंमत बदलली. अमेरिकेच्या ५० टक्क्यांमुळे तिरुपूरच्या कपडा कारखान्यांतले मजूर धोक्यात आले. आणि तेही मतदारच आहेत. मध्यक मतदार फक्त विदर्भात राहतो असं माझे विद्यार्थी धरून चालतात, आणि मला ते समजू शकतं. पण कपडे शिवणाऱ्या बाईलाही एक मत आहे, आणि तिची नोकरी जाणं हे भाव शंभर रुपयांनी पडण्यापेक्षा कितीतरी ठळक दिसतं. शिवाय अमेरिकेशी व्यापाराची बोलणी चालू होती आणि अमेरिका कापूस विकणारा देश आहे. हे कारण या तीनही सिद्धांतांच्या बाहेरचं आहे. ते उत्तरात लिहिणाऱ्या मुलीला मी पूर्ण गुण दिले.

लॉबिंगची परीक्षा घ्यायला एक जुनं प्रकरण शेजारी ठेवावं लागतं. ५ मार्च २०१२ला केंद्राने कापसाच्या निर्यातीवर बंदी घातली. फायदा गिरण्यांचाच होता, रुई देशात अडली की भाव पडतो. नुकसान शेतकऱ्यांचंच होतं, गटही तेच, मोठा आणि विखुरलेला. ओल्सनचं सूत्र नुसतं लावलं तर बंदी टिकायला हवी होती. ती आठवडाभरात मागे घ्यावी लागली. केंद्रीय कृषिमंत्री शरद पवार यांनी उघड नाराजी दाखवली, गुजरातचे तेव्हाचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांनीही विरोध केला, आणि गुजरातची निवडणूक त्याच वर्षाअखेर होती. पण मला महत्त्वाचा वाटतो तो आणखी एक गट, निर्यातदार. त्यांचे सौदे झालेले होते, माल बंदरात होता. त्यांची संख्या मोजकी, नुकसान कोटींत, संघटना तयार. साठ लाख शेतकऱ्यांचा आवाज दिल्लीत पोचला तो या मोजक्यांच्या खांद्यावर बसून.

२०२५मध्ये शेतकऱ्याला असा खांदा मिळाला नाही. आयात वाढल्याने निर्यातदाराचं विशेष बिघडत नाही. व्यापारी तर आयातही करतो. जिनिंगवाल्याची अवस्था मधली. स्थानिक कापूस कमी आला तर त्याचा रेचा थंड पडतो, पण सीसीआयचा कापूस त्याच्याच आवारात रेचला जाणार असेल तर त्याला फार काळजी नाही. म्हणून मी नियम असा सांगतो: मोठा विखुरलेला गट जिंकताना दिसला की त्याच्यासोबत कोणता छोटा गट चालतोय ते शोधा. सापडला तर लॉबिंगचं स्पष्टीकरण टिकतं. नाही सापडला तर मतदाराकडे पाहा.

उरलं रेंट-सीकिंग. इथे पोरांची सर्वांत मोठी चूक होते. लॉबिंग आणि रेंट-सीकिंग ते एकच समजतात. लॉबिंग ही कृती आहे, सरकारकडे आपलं म्हणणं रेटण्याची. रेंट-सीकिंग म्हणजे नवं काही न पिकवता, सरकारी निर्णयातून तयार झालेला जास्तीचा लाभ आपल्याकडे वळवण्यासाठी खर्च केलेली मेहनत, वेळ आणि पैसा. रेंट या शब्दाची भाड्याशी गल्लत होते, त्याला तूर्तास ‘आयता लाभ’ म्हणा. गॉर्डन टलॉक यांनी १९६७मध्ये कल्पना मांडली, ॲन क्रुगर यांनी १९७४मध्ये तिला नाव दिलं. क्रुगर यांचं एक उदाहरण भारतच होतं. १९६४ सालच्या परवान्यांमधून तयार झालेला आयता लाभ त्यांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ७.३ टक्के धरला होता.

या व्याख्येने पाहिलं की एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो, आणि वर्गात तो मी मुद्दाम उभा करतो. ११ टक्के शुल्क हा आयता लाभ कोणाचा होता? शेतकऱ्याचा! सरकारने बाहेरचा माल महाग केला म्हणून आमच्या कापसाला जास्त भाव. मग शुल्क काढा म्हणणारी गिरणी आयता लाभ मागत नव्हती, दुसऱ्याचा आयता लाभ काढून घ्या म्हणत होती. शेतकऱ्याच्या पोराला हे पचत नाही. मलाही सहज पचलं नाही, माझाही कापूस आहे. याला उत्तर आहे, पण ते भावनेचं नाही. जगाच्या बाजारात अमेरिकेचा कापूस अनुदानासह येतो. त्यामुळे शुल्क हे काही अंशी बाहेरच्या अनुदानाची भरपाई आहे. किती अंशी, यावर वाद घाला, पण तो वाद घालूनच उत्तर लिहा. शरद जोशी आयुष्यभर म्हणत आले, की सरकारने शेतकऱ्याला संरक्षण देऊ नये, फक्त त्याचे भाव पाडू नयेत. त्यांच्या मापाने २०१२ची निर्यातबंदी उघड अन्याय ठरते. २०२५ची माफी तितकी सोपी राहत नाही.

खरं रेंट-सीकिंग पाहायचं असेल तर दिल्ली सोडून खरेदी केंद्राच्या फाटकाशी यावं लागतं. शुल्क उतरलं, बाजार नरम झाला, हमीभाव मात्र ८,११०. खेडा खरेदीवाला, म्हणजे गावात येऊन कापूस घेणारा व्यापारी, ६,८०० देतो असं धरू. मधली १,३१० रुपयांची फट सरकारी निर्णयाने तयार झाली. त्या फटीसाठी कोण काय खर्च करतो?

पाच एकरवाला आपला २५ क्विंटल कापूस घेऊन विचार करतो. कागदावर फायदा ३२,७५० रुपये. पण दिवाळीतला कापूस ओला असतो, समजा १६ टक्के आर्द्रता. सीसीआय १२च्या वर घेत नाही, आणि ८च्या वर प्रत्येक टक्क्याला भावात एक टक्का कापते. तो कापूस वाळवून १२ टक्क्यांवर आणला की वजन राहतं २३ क्विंटल ८६ किलो आणि भाव पडतो ७,७८६च्या जवळ. हाती येतात सुमारे १,८५,८०० रुपये. खेडा खरेदीवाला ओल्यासकट १,७०,००० जागेवर, रोख देतो. ३२,७५०चा फायदा १५,८०० झाला. त्यातून ट्रॅक्टर, हमाली, नोंदणीच्या खेपा, फाटकासमोर ट्रॉलीखाली काढलेल्या दोन रात्री आणि पैसे खात्यात येईपर्यंतचं सावकाराचं व्याज वजा करा. शेजारचे एक काका मला म्हणाले, ‘सर, तुमचा हिशेब बरोबर हाय, पन मले पोरीची फी सोमवारी भराची हाय.’ त्यांनी ६,८००नेच विकला. अर्थशास्त्राच्या भाषेत त्यांनी चूक केली नाही.

त्यांचा कापूस घेणाऱ्याकडे शेड आहे, तो वाळवू शकतो. त्याची स्वतःची ट्रॉली आहे, थांबायला माणूस आहे, ग्रेडरची ओळख आहे. फक्त एक गोष्ट नाही, सातबारावर कापसाचा पेरा. तो त्याला दुसऱ्याचा मिळतो. त्या दुसऱ्याच्या खात्यात हमीभावाचे पैसे पडतात, तो आपले क्विंटलमागे काही रुपये ठेवून बाकीचे काढून देतो. या सगळ्या धडपडीत कापसाचा एक बोंडही जास्त पिकलेला नाही. रांगा, रात्री, ओळखी, कागद यांवर जे गेलं ते देशाच्या हिशेबात वाया गेलं. टलॉकचं म्हणणं होतं, की स्पर्धा मोकळी असेल तर हा वाया जाणारा खर्च फटीच्या रकमेपर्यंत वाढू शकतो. मी त्याला एक पुरवणी जोडतो. ज्याचा धडपडीचा खर्च सर्वांत कमी, फट त्याच्या खिशात जाते. म्हणून हमीभाव जाहीर होतो मधल्या मतदारासाठी, पण त्यातला मोठा तुकडा उचलतो तो मधला माणूस. ही फट रुंद झाली ती शुल्क उतरल्यामुळे, म्हणजे लॉबिंगने रेंट-सीकिंगला खाद्य पुरवलं.

आणि हे बिल कोण भरतं? सीसीआय हमीभावाने घेते, बाजारभावाने विकते, तोटा केंद्र भरून देतं. २०१४-१५ ते २०२०-२१ या सात हंगामांसाठी केंद्राने नोव्हेंबर २०२१मध्ये अशी १७,४०८ कोटींची भरपाई मंजूर केली होती. २०२४-२५च्या हंगामात सीसीआयने सुमारे १०० लाख गाठींचा कापूस घेतला, म्हणजे देशातल्या पिकाचा जवळपास तिसरा हिस्सा. शेतकऱ्याला हमीभाव, गिरणीला स्वस्त रुई, दोघांनाही होकार आणि बिल तिसऱ्याच्या नावे. तो तिसरा, साबणापासून डिझेलपर्यंत कर भरणारा, हमीभाव आणि शुल्क दोन्ही वाचत नाही. तो सर्वांत मोठा आणि सर्वांत विखुरलेला गट. शुल्क आणि हमीभाव एकमेकांविरुद्ध ओढतात, मग सरकार असं वेड्यासारखं का वागतं, असं पोरं विचारतात. दोन्हींचा खर्च सोसणारा टेबलावर नसेल तर त्यात वेडेपणा काहीच नाही.

या तपासण्या लावून पाहिल्या की स्पष्टीकरण वेगळं काढता येतं. माफी जर हंगामाच्या तोंडावर थांबते तर मतदार काम करतोय. ती हंगामातही चालू राहते आणि मतदाराला ती दिसलीच नाही, तर लॉबी. हमीभाव आणि बाजारभाव यांतली फट रुंदावली आणि केंद्रावरच्या नोंदी गावच्या पेऱ्यापेक्षा जास्त दिसू लागल्या, तर रेंट-सीकिंग. शेवटची खूण तालुक्यातच तपासता येते. गावाचं कापसाचं क्षेत्र, त्या वर्षीची एकरी सरासरी आणि केंद्रावर त्या गावाच्या नावे आलेले क्विंटल, एवढे तीन आकडे पुरतात. मी दोन विद्यार्थ्यांना हा छोटा प्रकल्प दिला होता. केंद्रावरचे आकडे त्यांना मिळाले नाहीत. दोन खेपा झाल्या, अर्ज झाला, साहेब बाहेरगावी होते.

वर्गाच्या शेवटी मागच्या बाकावरचा एक जण उठला. त्याच्या वडिलांची खेडा खरेदी आहे, हे सगळ्यांना ठाऊक. म्हणाला, ‘सर, सातबारा देणाऱ्याला क्विंटलमागे दोनशे भेटते. तो मतदार, की लॉबी, की रेंटवाला?’ वर्ग हसला. मी म्हणालो, मत देताना मतदार, सातबारा देताना रेंटवाला, आणि लॉबी मात्र तो कधीच नाही.

‘म्हंजे दोनदा त्याचंच,’ तो म्हणाला, ‘मंग त्याच्या घरी टीव्ही काऊन नाई?’

घंटा झाली होती. मी त्याला फळ्यावरच्या १,३१०च्या शेजारी तेवढे दोनशे लिहायला सांगितले आणि बाकीचे १,११० कुठे गेले ते पुढच्या तासाला आणायला.